सनस्क्रीनचा आकडा आणि सावळी त्वचा

रोज ‘एसपीएफ ५०’ लावूनही गालांवरचा वांग गडद होत चालल्याची तक्रार त्वचारोग विभागांत नेहमी ऐकू येते. दोष बहुधा रुग्णाचा नसतो. ट्यूबवरचा मोठा आकडा वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो.

एसपीएफ मोजतात तो उन्हाने कातडी लाल होण्यावरून, आणि ही चाचणी प्रामुख्याने गोऱ्या त्वचेवर होते. हा लालपणा मुख्यतः अतिनील ‘बी’ किरणांमुळे येतो. एसपीएफ ३० असे सुमारे ९७ टक्के किरण अडवतो, एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे फरक एका टक्क्याचा. सावळ्या त्वचेचे दुखणे मात्र लालीपेक्षा काळ्या डागांचे असते. डाग वाढवण्यात अतिनील ‘ए’ किरणांचा आणि डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशाचाही मोठा हात असतो. ‘ए’ किरणांपासूनचे संरक्षण ‘पीए’पुढच्या अधिक चिन्हांवरून कळते, किमान तीन चिन्हे असावीत. दृश्य प्रकाशाविषयी एसपीएफ आणि पीए दोन्ही काही सांगत नाहीत.

इथे घटकांची यादी वाचावी लागते. झिंक ऑक्साइड व टिटॅनियम डायऑक्साइड ही खनिज गाळणी सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखी पांढरट दिसतात. म्हणून कंपन्या त्यांचे कण अतिसूक्ष्म करतात किंवा अॅव्होबेन्झोनसारखी रासायनिक गाळणी वापरतात. पण जे मलम चेहऱ्यावर दिसतच नाही, त्यातून दृश्य प्रकाश आरपार जातो. तो अडवतात लोह ऑक्साइडची पिवळी, लाल, काळी रंगद्रव्ये. यादीत ती ‘आयर्न ऑक्साइड’ किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ अशी इंग्रजीत छापलेली असतात. त्यांनी पांढरटपणाही झाकला जातो.

समजा, दुकानात दोन ट्यूब आहेत. एक एसपीएफ ५०, पीएचा उल्लेख नाही, पारदर्शक जेल. दुसरी एसपीएफ ३०, पीए+++, गव्हाळ रंगाची, यादीत लोह ऑक्साइड. वांग असलेल्या व्यक्तीने दुसरीच घ्यावी. वांग नसेल आणि रंगीत मलम नको असेल, तर पीए+++ असलेली बिनरंगी ट्यूबही चालेल. ‘टिंटेड’ शब्दावर मात्र विसंबू नये, घटक पाहावेतच. छटाही जुळायला हवी, कारण गोऱ्या वर्णासाठी बनवलेला रंग सावळ्या चेहऱ्यावर उठून दिसतो आणि ट्यूब कपाटात पडून राहते.

प्रमाणही तितकेच महत्त्वाचे. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावतात. चेहरा व मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर काढलेल्या दोन लांब रेघांइतके मलम लागते. बरेच जण याच्या निम्मेही लावत नाहीत आणि मग छापील आकडा चेहऱ्यावर उतरत नाही. उन्हात असताना दर दोन तासांनी, तसेच घाम पुसल्यावर ते पुन्हा लावावे. खिडकीची साधी काच ‘ए’ किरण आणि प्रकाश बऱ्याच प्रमाणात आत सोडते, त्यामुळे खिडकीशेजारी दिवसभर बसणाऱ्या वांगाच्या रुग्णांनी घरातही ते लावावे.

सनस्क्रीनने जुना डाग पुसला जात नाही. तो गडद होणे थांबते आणि उपचारांना वाव मिळतो. ट्यूब निवडताना म्हणूनच पुढच्या आकड्याआधी मागची यादी वाचावी.