०.६ आला कुठून?



दिवाळी जवळ आली की घराघरांत एक वाद हमखास रंगतो. चकल्या घरी करायच्या की विकत आणायच्या? घरच्या स्वस्त पडतात हे खरं, पण भाजणी बिघडली तर पीठ, तेल वाया जातं आणि वर ऐन वेळी दुकानासमोर रांग लावावी लागते ती वेगळीच. आपल्या पुस्तकात हाच वाद ‘बिल्ड ऑर बाय’ या भारदस्त नावाने येतो, आणि तो सोडवायला डिसिजन ट्री आणि एक्स्पेक्टेड मॉनेटरी व्हॅल्यू, म्हणजेच ईएमव्ही, ही दोन हत्यारं दिलेली असतात.

परीक्षेत हे गणित म्हणजे फुकटचे मार्क्स. आपण ठरवतो तिथे चौकोन, नशीब ठरवतं तिथे गोल. उजवीकडून डावीकडे यायचं. गोलावर प्रत्येक फांदीचा खर्च गुणिले तिची प्रॉबॅबिलिटी अशी बेरीज करायची, चौकोनावर स्वस्त फांदी ठेवून दुसरी कापायची. उत्तराखाली दोन रेघा, की झालं! पण माझं म्हणणं असं आहे की खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. पेपरात ०.६ छापून येतो. वर्कशॉपमध्ये तो कोण देणार?

एक उदाहरण घेऊ. समजा बाहाच्या गाडीसाठी गिअरबॉक्स हवाय. (आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या टीमचे वेगळे असतील.) तयार बॉक्स ६०,००० रुपयांना मिळतो. पाचात एकदा तो आपल्या चेसीवर नीट बसत नाही आणि माउंटिंग बदलायला १०,००० लागतात. म्हणजे ‘विकत’ या फांदीची ईएमव्ही झाली ६२,०००. स्वतः बनवायचा तर मटेरियल आणि एमआयडीसीतलं जॉबवर्क धरून २८,०००. जमला तर तेवढ्यातच सुटलो. नाही जमला तर तयार बॉक्स घाईने मागवायचा, त्याचे १०,००० जास्त. म्हणजे आधीचे २८,००० आणि वर ७२,०००, एकूण एक लाख.

जमण्याची प्रॉबॅबिलिटी ०.६ धरली, तर ‘बनवा’ या फांदीची ईएमव्ही येते:

०.६ × २८,००० + ०.४ × १,००,००० = ५६,८००

विकतपेक्षा ५,२०० ने स्वस्त. मग बनवा! आता ०.६ च्या जागी ०.५ घाला. उत्तर येतं ६४,०००. मग विकत घ्या! दोन्ही फांद्या समान कधी होतात ते काढलं, तर आकडा येतो साधारण ०.५३. म्हणजे अख्खा निर्णय ०.५ आणि ०.६ यांच्या मधल्या फटीत बसलाय, आणि ‘साठ टक्के जमेल रे’ आणि ‘पन्नास टक्के जमेल रे’ यातला फरक रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या गच्चीवर कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून मला वाटतं, ५६,८०० पेक्षा हा ०.५३ जास्त कामाचा. आपला अंदाज किती चुकला तर निर्णय उलटेल, हे तो सांगतो.

मग अंदाज सुधारायचा कसा? एकदम ‘जमेल का’ असं विचारू नका, पायऱ्या पाडा. दात नीट कापले जाणं: ०.९. दात कापून झाल्यावर केस हार्डनिंग, जिथे भट्टीतून निघालेला गिअर थोडा वाकडा होतो आणि दात एकमेकांवर नीट बसत नाहीत: ०.७५. शेवटी हाउसिंगमधली बेअरिंगची भोकं एका रेषेत येणं: ०.९. तिन्ही जमायला हवं, म्हणून गुणाकार: ०.६१ च्या आसपास. आपला ०.६ आला तो इथून. आणि आता गंमत बघा. मधला ०.७५ नुसता ०.६५ केला, तर गुणाकार ०.५३ च्या किंचित खाली जातो आणि निर्णय उलटतो. म्हणजे भांडायचं ते फक्त भट्टीबद्दल. बाकी चर्चा चहाबरोबर ठीक आहे.

आणि भट्टीबद्दल भांडायची तरी गरज काय? एकच पिनियन कापून घ्या, त्याच भट्टीत हार्डन करा, आणि आधी-नंतरची मापं घेऊन बघा. खर्च समजा ४,०००. ही चाचणीही ट्रीमध्ये घालता येते. शंभर टीम्सची कल्पना करा. साठ जणांचा बॉक्स जमणारा आहे. त्यातल्या ५४ जणांचं पिनियन पास होतं, सहा जण विनाकारण नापास होतात. उरलेल्या चाळीसपैकी ३२ जणांना पिनियन वेळीच सावध करतं. आठ जण तरीही सुटतात, कारण हाउसिंगची चूक पिनियन दाखवूच शकत नाही. पास झालेले ६२ जण बनवतात: ५४ जणांना २८,००० पडतात, आठ जणांना लाख. नापास ३८ जण ६२,००० ने विकत घेतात. सरासरी येते ४६,६८०, चाचणीचे पैसे मिळवून ५०,६८०. म्हणजे थेट ‘बनवा’ पेक्षा ६,१२० वाचले. अट एकच, नेहमीच्या दराने बॉक्स मागवायची मुदत संपण्याआधी चाचणी व्हायला हवी. उशीर झाला तर नापास टीम्सनाही घाईचे १०,००० भरावे लागतात आणि बचत २,३२० वर येते.

आता ईएमव्हीची मर्यादा. ५६,८०० हा खर्च कोणत्याही टीमला कधीच येणार नाही. कोणाला २८,००० येईल, कोणाला लाख. सरासरी त्याच्या उपयोगाची, जो असे निर्णय वर्षाला पन्नास घेतो. मोठ्या कंपनीचं एकीकडचं नुकसान दुसरीकडे भरून निघतं. आपण वर्षात एकच गाडी बनवतो. स्पॉन्सर आणि वर्गणी मिळून ७५,००० जमले असतील, तर लाखाची फांदी म्हणजे गाडी वर्कशॉपमध्येच उभी राहणार. अशा वेळी ईएमव्ही जास्त असूनही विकत घेणं हे भित्रेपणाचं लक्षण नाही. आधी बघायचं की सर्वात वाईट फांदी आपल्याला झेपते का, आणि मगच सरासरी काढायची.

शेवटी नेहमीचं वाक्य येतंच: ‘पण बनवण्यात शिकायला मिळतं ना!’ मिळतं, नक्की मिळतं. मी म्हणते, मग त्याची किंमत कागदावर लिहा. प्रॉबॅबिलिटी ०.५ असेल तर बनवणं २,००० ने महाग आहे. गिअर डिझाइन शिकणं तुम्हाला २,००० पेक्षा जास्त मोलाचं वाटत असेल, तर खुशाल बनवा, आणि सरांनाही तसंच सांगा. पण शिकायची हौस आहे म्हणून ०.५ चा गुपचूप ०.७ करू नका. ट्रीमध्ये खोटं शिरतं ते बहुतेक वेळा याच दाराने. निर्णय आधीच झालेला असतो, प्रॉबॅबिलिटी नंतर त्याच्या मापाने शिवली जाते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुमच्यासमोर सुंदर, रंगीत डिसिजन ट्री ठेवली, तर उत्तराकडे बघू नका. गोलातून निघणाऱ्या फांदीवर बोट ठेवा आणि विचारा, ‘हा ०.६ आला कुठून?’ समोरच्याने मापं दाखवली तर पुढे वाचा. ‘असंच, अंदाजे’ म्हणाला, तर आधी एक पिनियन भट्टीत टाकायला सांगा.