अठरा की तेरा?

पदवी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या एका वाचक प्राध्यापिकेने त्यांना आलेला एक मेल आमच्याकडे पाठवला आणि वर एकच ओळ लिहिली : ‘याला उत्तर काय देऊ?’ मेल सिंगापूरच्या पूर्व टोकाहून, पासिर रिसमधून आलेला. मुलीचे आईवडील नोकरीनिमित्त तिथे स्थायिक आहेत. ती महाराष्ट्रात पदवी घेऊन त्यांच्याकडे गेली. दोघींच्या परवानगीने, आसनक्रमांक व नाव वगळून, तो मेल इथे देत आहोत.

‘आदरणीय मॅडम, मी आपल्या महाविद्यालयातून तृतीय वर्ष बी.ए. उत्तीर्ण झाले. पाचव्या सत्रातील आपल्या पेपरच्या गुणांबाबत लिहीत आहे. निकाल लागला त्या रात्री पोर्टलवर घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये लेखी ४६ (७५ पैकी), अंतर्गत १८ (२५ पैकी), एकूण ६४, श्रेणी ए असे दिसते. छापील गुणपत्रिकेत लेखी ४६, अंतर्गत १३, एकूण ५९, श्रेणी बी प्लस आहे. बाकीच्या चारही पेपरांचे आकडे दोन्हीकडे सारखे आहेत. मी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला नव्हता. त्या सत्राचा निकाल आता पोर्टलवर उघडत नाही. मी तेव्हा सुट्टीत इकडे आले होते, त्यामुळे स्क्रीनशॉटवरची वेळ सिंगापूरची, म्हणजे भारतापेक्षा अडीच तास पुढची आहे. यातला कोणता आकडा बरोबर, हे मला सांगता येणार नाही. आपल्याकडच्या यादीत काय आहे, ते पाहून कळवाल का? पूर्ण स्क्रीनशॉट आणि गुणपत्रिकेच्या दोन्ही बाजूंची प्रत सोबत जोडली आहे. आपली विद्यार्थिनी.’

परीक्षा विभागात बसणाऱ्यांना असे मेल रोज येतात, पण इतका नीट लिहिलेला क्वचित. बहुतेकांत कापलेला स्क्रीनशॉट असतो, आसनक्रमांक नसतो आणि पहिल्याच वाक्यात ‘माझ्यावर अन्याय झाला आहे’ असते. या मुलीने निवाडा दिलेला नाही. पुनर्मूल्यांकन झाले नव्हते हे तिने न विचारता सांगितले, त्यामुळे गुण बदलण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आधीच बाजूला झाले. गुणपत्रिकेची मागची बाजू जोडल्यामुळे खुणांचे स्पष्टीकरणही हाताशी आले. कृपागुण दिले असतील तर आकड्यापुढे खूण असते, आणि ती खूण पोर्टलवर अनेकदा उमटत नाही. इथे तशी खूण नव्हती.

पाच गुणांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणाला वाटेल. या विद्यापीठात ए श्रेणीचे ८ आणि बी प्लसचे ७ श्रेयगुण. पाच पेपर, प्रत्येकी ४ श्रेयांक. स्क्रीनशॉटप्रमाणे श्रेयगुण ९, ८, ८, ७, ७; बेरीज ३९, सत्राची सरासरी ७.८०. गुणपत्रिकेप्रमाणे बेरीज ३८, सरासरी ७.६०. उरलेल्या पाच सत्रांच्या सरासऱ्यांची बेरीज ४०.२० आहे. सहाही सत्रांचे श्रेयांक सारखे असल्याने एकूण सरासरी एका हिशेबाने ८.००, दुसऱ्याने ७.९७. तिला ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचा होता, तिथली किमान अट ८ ची. सिंगापूरच्या ए-लेव्हल प्रमाणपत्रावर विषयाची श्रेणी असते, गुण नसतात. आपल्याकडे मात्र अंतर्गत चाचणीतला एकेक गुण दशांशापर्यंत झिरपत जातो.

आता तपास. अशा वेळी पहिले काम कागदाला स्वतःशी ताडून पाहण्याचे. गुणपत्रिकेवर अंतर्गत १३ असूनही एकूण ६४ किंवा सरासरी ७.८० छापलेली असती, तर चूक छपाईतली किंवा कागद फेरफार केलेला, असा तर्क करता आला असता. इथे तसे नव्हते. १३ आणि ४६ मिळून ५९, त्यावर बी प्लस, त्यावरून ७.६०, सारे जुळते. स्क्रीनशॉटमध्येही सारे जुळते. म्हणजे बदल बेरजेआधी, मूळ नोंदीतच झाला आणि नंतर संगणकाने आपले काम चोख केले. लेखीचे ४६ दोन्हीकडे तेच असल्याने उत्तरपत्रिका, परीक्षक, मॉडरेशन या साऱ्यांकडे पाहण्याची गरज उरली नाही. राहिला एकच धागा : महाविद्यालयाने पाठवलेले अंतर्गत गुण.

हे गुण दोन वाटांनी जातात. महाविद्यालयातला कुणी ते लॉगिन करून भरतो, आणि प्राध्यापक व प्राचार्यांच्या सहीची छापील किंवा हाती लिहिलेली यादी स्वतंत्रपणे परीक्षा विभागात जाते. निकाल जाहीर करताना ऑनलाइन भरलेले गुण वापरले गेले. गुणपत्रिका छापण्याआधी सहीच्या यादीशी मेळ घातला गेला, आणि फरक दिसल्यास सहीची यादी प्रमाण, हा तिथला नियम. नियम योग्यच आहे. प्राध्यापिकेने कपाटातून कार्यालयीन प्रत काढली तेव्हा उलगडा झाला. यादी हाताने, इंग्रजी अंकांत लिहिलेली. 18 मधल्या 8 ची डावी बाजू उघडी राहिलेली; कार्बन प्रतीत तर तो सरळ 3 दिसतो. पडताळणी करणाऱ्याने त्याला दिसला तो 13 वाचला आणि संगणकातला बरोबर आकडा ‘दुरुस्त’ केला. पडताळणीतूनच चूक जन्मली.

यादीत ‘गुण अक्षरी’ असा रकाना होता. तो पहिल्या तीन ओळींत भरलेला, पुढे खाली ओढलेली एक उभी रेघ. हा रकाना नेमका याच प्रसंगासाठी असतो, आणि राज्यभर तो असाच रेघ ओढून निकालात काढला जातो. साठ जणांची यादी अक्षरी लिहायला फार तर अर्धा तास लागतो. ज्यांना तो नाही, त्यांनी यादी टंकित करून मगच सही करावी.

पण कपाटात 18 सापडला, म्हणून प्राध्यापिकेने मेलला ‘तुझे गुण १८च आहेत, काळजी करू नकोस’ असे उत्तर द्यावे का? मुळीच नाही. त्यांचा हेतू चांगला असला तरी ते वाक्य मुलगी अर्जाला जोडणार, आणि तपासणी करणाऱ्या संस्थेने विद्यापीठाला विचारले की तिथून १३ येणार. प्राध्यापक गुण देतो, जाहीर झालेले गुण बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. शिवाय तो आकडा वाचताना त्यांनाही तीच अडचण आहे, जी पडताळणी करणाऱ्याला आली. यादीतला 8 आपल्याला 8 दिसतो, कारण आपल्याला उत्तर माहीत आहे. म्हणून दुसरा, स्वतंत्र पुरावा लागतो : चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका आणि प्रकल्पाच्या गुणांची वही. इथे चाचणी १५ पैकी ११ आणि प्रकल्प १० पैकी ७ निघाले. बेरीज १८. संशय संपला तो या बेरजेने.

त्यानंतरचा मार्ग सरळ, पण संथ आहे. प्राचार्यांच्या सहीने, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना पत्र. सोबत यादीची साक्षांकित प्रत, चाचणीची उत्तरपत्रिका, वहीचे पान आणि विलंबाचे कारण. ओळखीच्या लिपिकाला फोन करून ‘तेवढे बघा’ म्हणणे टाळावे. गुणांत बदल झाला आणि मागे कागद नाही, अशी अवस्था मूळ चुकीपेक्षा वाईट. दुरुस्ती मान्य झाली की जुनी गुणपत्रिका जमा करावी लागते, तीही मूळ. ती पासिर रिसमध्ये आहे. मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत तिने मूळ कागद कुरियरला देऊ नये, आणि लॅमिनेट तर मुळीच करू नये.

मधल्या काळात अर्जात काय लिहायचे? गुणपत्रिकेवर आहे तेच. ७.९७ लिहून, दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित असल्याचे प्रवेश कार्यालयाला वेगळ्या पत्राने कळवायचे आणि महाविद्यालयाच्या पत्राची पोच जोडायची. स्क्रीनशॉट कागदपत्र म्हणून चढवायचा नाही. तो खोटा आहे म्हणून नव्हे; ब्राउझरमध्ये पानावरचा आकडा कुणालाही मिनिटात बदलता येतो, त्यामुळे खऱ्या स्क्रीनशॉटलाही पुराव्याचे वजन नसते. शोध कुठून सुरू करायचा, एवढेच तो सांगतो, आणि या प्रकरणात ते काम त्याने उत्तम केले. सिंगापूरमध्ये हा मुद्दा पुढे नोकरीच्या वेळीही येतो. १ सप्टेंबर २०२३ पासून तिथे एम्प्लॉयमेंट पासच्या अर्जात दाखवलेल्या पदवीसाठी पडताळणीचा पुरावा मागितला जातो.

सिंगापूरने २०१९ पासून पदवी-पदविकांसाठी ओपनसर्ट्स ही डिजिटल प्रमाणपत्रांची व्यवस्था आणली. फाईलमधले एक अक्षर बदलले तरी ती तपासणीत नापास होते. आपल्याकडे डिजिलॉकर आणि राष्ट्रीय शैक्षणिक डिपॉझिटरीने तीच सोय हळूहळू होत आहे. पण प्रकरण नीट पाहा : अशा व्यवस्थेत हा १३ अधिक पक्का झाला असता. संस्थेने जारी केले तेच हे प्रमाणपत्र, एवढेच ती सांगते. यादीतला अंक कुणी कसा वाचला, हे तिला कळत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या उन्हाळी परीक्षांचा गोंधळ अनेकांना आठवत असेल. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी पुरेशा तयारीविना सुरू झाली, कायद्यातली ३० ते ४५ दिवसांची मुदत उलटली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. तेव्हापासून निकालातल्या चुका म्हटले की आपल्याला सर्व्हर आणि कंत्राटदार आठवतात. इथे दोन्ही निर्दोष होते.

एक अडचण मात्र उरते. हे सारे साधले, कारण चाचणीची उत्तरपत्रिका अजून रद्दीत गेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला, पण तो कागद जपण्याच्या मुदतीपुरताच. अंतर्गत चाचण्यांच्या बाबतीत ही मुदत अनेक महाविद्यालयांत लिहिलेलीच नाही. जागा अपुरी पडली की गठ्ठे जातात. पदवी प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत तरी ते ठेवावेत, आणि सहीच्या यादीची कार्यालयीन प्रत त्याहून बराच काळ.

दुरुस्ती मंजूर झाल्यावरही काम संपत नाही. पाचव्या सत्राची नवी गुणपत्रिका मिळते आणि सहाव्या सत्राच्या गुणपत्रिकेवर, जिथे एकूण सरासरी छापलेली असते, ७.९७ तसेच राहते. डिजिलॉकरमधली नोंदही आपोआप बदलत नाही. प्राचार्यांच्या पत्रात या तिन्ही जागा पहिल्याच वेळी नमूद कराव्यात. नाहीतर वर्षभराने पासिर रिसहून दुसरा मेल येईल, आणि त्यातले दोन्ही कागद विद्यापीठाचेच असतील.