आधी कारण, मग खर्च : सदनिकेतील गळती आणि संस्थेचे कर्तव्य

वरच्या सदनिकेतील न्हाणीघराचे पाणी खालच्या घराच्या छतातून झिरपू लागले की बहुतेक गृहनिर्माण संस्थांमध्ये एकच तोडगा सुचविला जातो : “दोघांनी निम्मा-निम्मा खर्च करा आणि वाद मिटवा.” हा तोडगा वरकरणी सामोपचाराचा वाटतो, पण माझ्या मते तो अन्यायकारक आहे. त्यात गळतीचे कारण शोधण्याआधीच खर्चाची वाटणी होते आणि ज्याचे घर ओले झाले त्यालाच दुरुस्तीचा भारही उचलावा लागतो.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी २०१४ मध्ये आलेल्या आदर्श उपविधींत या खर्चाची विभागणी केलेली आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरील भिंती, गच्ची, तसेच सामायिक जलवाहिनी व सांडपाण्याची वाहिनी यांतून होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाची असते. शौचालय, मोरी यांसारख्या अंतर्गत गळतीचा खर्च मात्र संबंधित सदनिकाधारकांनी करावयाचा असून त्यात संस्थेने समन्वय साधावयाचा असतो. ‘संबंधित’ या शब्दाचा आधार घेऊनच निम्म्या वाटणीची प्रथा रुजली. वास्तविक वाटणी कारणावरून ठरावी आणि ते कारण शोधणे हाच ‘समन्वया’चा खरा अर्थ असावा.

कारण कसे शोधावे, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. दुसऱ्या मजल्यावरील न्हाणीघराखाली, पहिल्या मजल्यावर, छताला ओल आली आहे. प्रथम ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ आखून तारीख लिहावी, म्हणजे ओल वाढते की थांबते हे समजते. मग वरच्या घरातील पाणीपुरवठ्याची तोटी रात्रभर बंद ठेवून न्हाणीघराचा वापर थांबवावा. थेंब पडण्याचा वेग स्पष्टपणे कमी झाला, तर दाबाखालील नळाच्या वाहिनीचा संशय येतो. आपल्या उदाहरणात तसा फरक पडत नाही.

यानंतर न्हाणीचे तोंड बुचाने घट्ट बंद करून फरशीवर थोडे रंगीत पाणी एक-दोन दिवस साठवावे. खाली रंग उतरला तर लाद्यांमधील सांधे किंवा त्यांखालील जलरोधक थर सदोष आहे. येथे रंग उतरत नाही. शेवटी बूच काढून निराळ्या रंगाचे पाणी थेट न्हाणीत ओतले असता काही तासांनी खाली रंगीत थेंब दिसतात. म्हणजे दोष न्हाणीच्या सांध्यात आहे, तो वरच्या सदनिकेचा अंतर्गत दोष आहे आणि त्याची दुरुस्ती वरच्या सदस्याने स्वखर्चाने करणे न्याय्य ठरते. खालच्या घराचा बिघडलेला गिलावा व रंगही त्यानेच पूर्ववत करून द्यावा. हाच रंग केवळ सामायिक उभ्या वाहिनीत पाणी सोडल्यावर दिसला असता, तर खर्च संस्थेवर गेला असता.

या परीक्षेला मर्यादाही आहेत. जुन्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब खोलगट ठेवून त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. त्यांत मुरलेले पाणी दुरुस्तीनंतरही काही दिवस झिरपत राहते. म्हणून दुरुस्ती फसली असा निष्कर्ष लगेच काढू नये आणि छत पूर्ण वाळेपर्यंत रंगही लावू नये. तसेच ज्या ठेकेदाराला काम मिळणार आहे त्यालाच निदान करू देणे टाळावे. संस्थेने त्रयस्थ अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा.

वरचा सदस्य तपासणीसाठी दारच उघडत नसेल तर? खालच्या सदस्याने सचिवांकडे छायाचित्रांसह लेखी तक्रार द्यावी. उपविधींनुसार तक्रार आल्यावर सदनिकेची पाहणी करणे, आवश्यक दुरुस्तीची मुदतबंद नोटीस सदस्याला देणे आणि त्याने ती न केल्यास रीतसर सूचना देऊन संस्थेने दुरुस्ती करून खर्च वसूल करणे, हा मार्ग समितीला उपलब्ध आहे. घर भाड्याने दिलेले असले तरी नोटीस सदस्य असलेल्या मालकालाच द्यावी. इतके करूनही मार्ग न निघाल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयात दाद मागता येते. अन्य राज्यांतील वाचकांनी आपापल्या संस्थेचे उपविधी पाहावेत, कारण तेथील तरतुदी भिन्न असू शकतात.

“हा तुमचा दोघांचा खासगी प्रश्न आहे,” असे सांगून समितीला हात झटकता येणार नाहीत. दोन मजल्यांमधील स्लॅब संपूर्ण इमारतीच्या सांगाड्याचा भाग आहे. त्यातील लोखंडी सळया सतत ओलीत राहिल्या की गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात. तेव्हा होणाऱ्या सांगाड्याच्या दुरुस्तीचा भार अखेर सर्वच सभासदांवर येऊ शकतो. त्या मानाने वेळीच करून घेतलेल्या तपासणीचा खर्च संस्थेला खचितच अल्प वाटेल.