नकाराच्या पत्रात न छापलेला ‘किंवा’

आरोग्य विम्याचा दावा नाकारला गेला की आपल्याकडची माणसे आजार खरा होता हे सिद्ध करायला धावतात. डॉक्टरांचे पत्र आणतात, रिपोर्ट पुन्हा झेरॉक्स करतात. पण आजार खोटा होता असे कंपनीने बहुतेक वेळा म्हटलेलेच नसते. भांडण असते पॉलिसीतल्या व्याख्यांवर. रुग्णालय कशाला म्हणायचे, उपचार आवश्यक केव्हा आणि दर वाजवी किती, या तीन व्याख्या सुरुवातीच्याच पानांवर इंग्रजीत छापलेल्या असतात. विमा नियामकाने 2013 पासून त्या सगळ्या कंपन्यांसाठी जवळपास सारख्या ठेवल्या आहेत. त्यामुळे एकाची पॉलिसी नीट वाचली की शेजाऱ्याचीही समजते.

मालेगावच्या एका गॅरेजवाल्याचे प्रकरण गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले. त्याच्या पत्नीला डेंग्यू झाला. जवळच्या नर्सिंग होममध्ये त्या पाच दिवस होत्या आणि बिल 38,400 रुपये झाले. कंपनीचे पत्र आले की या नर्सिंग होममध्ये आठच खाटा आहेत, पॉलिसीप्रमाणे किमान दहा हव्यात, म्हणून हे ‘रुग्णालय’ नाही. तो मला म्हणाला, “भाई, खाटा मोजून आम्ही ॲडमिट व्हायचं का?”

प्रश्न रास्त होता, पण उत्तर पॉलिसीतच होते. रुग्णालयाच्या व्याख्येला दोन दारे आहेत. एक म्हणजे, ती संस्था 2010 च्या केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली किंवा त्याच्या कलम 56(1) च्या परिशिष्टात दिलेल्या राज्य कायद्याखाली रुग्णालय म्हणून नोंदलेली असावी. त्यानंतर ‘किंवा’ येतो. दुसरे दार त्यापुढे आहे: चोवीस तास पात्र परिचारिका, चोवीस तास डॉक्टर, स्वतःचे सुसज्ज ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी, आणि दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात दहा खाटा, इतरत्र पंधरा. खाटांची अट फक्त या दुसऱ्या दाराला आहे.

आपल्या राज्याचा 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा, जो मुंबई नर्सिंग होम ॲक्ट या नावाने ओळखला जातो, तो त्या परिशिष्टात आहे. मालेगावात ही नोंदणी महापालिका करते. म्हणजे नोंदणी चालू असेल तर आठ खाटांचे नर्सिंग होमही पॉलिसीच्या अर्थाने रुग्णालय ठरते. कंपनीने पत्रात ‘किंवा’च्या पुढचा भाग उतरवला होता, आधीचा नाही. आम्ही नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागवली. त्यात एकच गोष्ट काटेकोरपणे पाहायची असते, ती म्हणजे मुदत. दाखल झालेल्या तारखेला नोंदणी जिवंत असायला हवी. नूतनीकरण राहून गेलेले असेल तर पहिले दार बंद होते आणि मग खरोखरच खाटा मोजाव्या लागतात. येथे मुदत होती.

आठवड्याभरात दुसरे पत्र आले. आता रुग्णालय मान्य होते, पण दाखल होणे ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ नव्हते, उपचार ओपीडीत झाले असते. या व्याख्येतली वाक्ये लहान आहेत. उपचार त्या आजारासाठी गरजेचे हवेत, डॉक्टरांनी सांगितलेले हवेत, भारतातल्या वैद्यक समुदायाने किंवा आंतरराष्ट्रीय वैद्यक व्यवहारात स्वीकारलेल्या पद्धतीला धरून हवेत, आणि सुरक्षित, पुरेशा उपचाराला लागेल त्यापेक्षा व्याप्ती, कालावधी वा तीव्रतेने जास्त नसावेत.

‘दाखल करणे गरजेचे होते’ असे डॉक्टरांचे नंतर लिहिलेले प्रमाणपत्र येथे फार उपयोगी पडत नाही, कारण ते वादानंतरचे असते. उपयोगी पडतो तो परिचारिकेने वेळ घालून लिहिलेला केसपेपर. त्यात पहिल्याच रात्री वारंवार उलट्या, पोटात सतत दुखणे, तोंडाने पाणीही टिकत नाही म्हणून सलाईन, अशी नोंद होती. प्लेटलेट्स 92,000 वरून तिसऱ्या दिवशी 34,000 वर आल्या होत्या. डेंग्यूत सततच्या उलट्या आणि पोटदुखी ही धोक्याची लक्षणे मानली जातात आणि अशा रुग्णाला देखरेखीखाली ठेवावे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आहे. आम्ही नुसत्या प्लेटलेट्सवर भर दिला नाही. आपल्याकडे सगळ्यांचे लक्ष त्या एका आकड्यावर असते, पण दाखल करण्याचे कारण त्या रात्री उलट्या होत्या.

याच व्याख्येत एक शब्दप्रयोग आहे, जो दोन्ही बाजूंनी कापतो: मुक्काम ‘किंवा मुक्कामाचा भाग’. त्याचा अर्थ असा की एक दिवस जास्तीचा वाटला तर कंपनीने तो दिवस कापावा, सगळा दावा नाकारू नये. पाचव्या दिवशी भाभींना दोन दिवस ताप नव्हता, प्लेटलेट्स वाढत होत्या, त्या जेवत होत्या. त्या दिवसाच्या नोंदीत थांबण्याचे कारणच लिहिलेले नव्हते. कंपनीने शेवटी चार दिवस मान्य केले आणि पाचव्याचे खोलीभाडे व दोन भेटींची फी मिळून 3,700 रुपये कापले. गॅरेजवाल्याला ते पटले नाही, मला पटले. केसपेपरमध्ये जे नाही ते मी कोणत्या तोंडाने मांडणार?

उरले दर. खोलीच्या 2,500 रुपयांऐवजी कंपनीने 1,800 धरले, कारण ‘वाजवी आणि रूढ दर’. चार दिवसांचे 2,800 रुपये गेले. मास्क, हातमोजे वगैरेंचे 1,300 वेगळ्या कलमाखाली गेले, त्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नव्हते. म्हणून कपातीच्या प्रत्येक ओळीसमोर कोणते कलम आहे हे आधी पाहावे.

दराच्या व्याख्येत दोन कसोट्या आहेत. दर त्या रुग्णालयाचा नेहमीचा असावा, आणि त्याच भागात तशाच सेवेला जे दर चालतात त्यांच्याशी जुळणारा असावा. पहिल्या कसोटीसाठी नर्सिंग होमचे दरपत्रक होते, जे लावणे राज्याच्या 2021 च्या नियमांनी बंधनकारक आहे. रोखीच्या रुग्णालाही 2,500 च लावल्याच्या दोन पावत्या मिळाल्या. विमा आहे म्हटल्यावर दर वाढवणारी रुग्णालये आहेत आणि तेथे कंपनीची कात्री योग्यच असते. दुसऱ्या कसोटीसाठी मालेगावातल्या तीन नर्सिंग होमची दरपत्रके घेतली: 2,200, 2,400, 2,600. कंपनीचा 1,800 हा आकडा कुठला, असे लेखी विचारले. उत्तर आले की तो करारातल्या रुग्णालयांचा सवलतीचा दर आहे. पण करार करून, रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात मिळवलेला घाऊक भाव म्हणजे त्या भागातला चालू दर नव्हे. व्याख्येत ‘करार’ हा शब्दच नाही.

नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार दावा नाकारताना पॉलिसीच्या नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागतो. माझे म्हणणे असे की हवाला पुरेसा नाही. ती पूर्ण व्याख्या, आधीच्या आणि नंतरच्या ‘किंवा’सह, पत्रात छापलीच पाहिजे, आणि ग्राहक वाचतो त्या भाषेत. गॅरेजवाल्याला पॉलिसीचे पुस्तक कधी मिळालेच नव्हते, एका पानाचे सर्टिफिकेट तेवढे मिळाले होते. अशा माणसाला नियम क्रमांक सांगून काय कळणार?

आत्तापर्यंत 30,600 रुपये खात्यात आले आहेत. 2,800 साठी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज गेला आहे. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जायचे. तेथे फी नाही, वकील लागत नाही, मात्र अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार द्यावी लागते. 2,800 साठी एवढे कशाला, असे गॅरेजवाल्याच्या भावाने विचारले. गॅरेजवाल्याने काही उत्तर दिले नाही, तिन्ही दरपत्रकांच्या प्रती काढायला तो झेरॉक्सच्या दुकानात गेला.