तिकिटावर जैन, पासपोर्टवर ओसवाल

कर्जत आणि खोपोलीच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत एका माणसाची दोन नावे असणे ही नवलाची गोष्ट नाही. दुकानाच्या पाटीवर गोत्राचे नाव, शाळेच्या दाखल्यावर ‘ओसवाल’, आधारकार्डावर ‘जैन’. नावापुढचे ‘कुमार’, ‘लाल’, ‘चंद’ कधी जोडून लिहिलेले, कधी तोडून. उधारीच्या वहीत याने काही बिघडत नाही. परदेशाच्या विमानाचे तिकीट काढताना मात्र हीच सैल वीण अडचणीत आणते. ‘नाव थोडे वेगळे पडले आहे, जाऊ देतील का?’ असा प्रश्न मग प्रवासाला चार दिवस उरले असताना विचारला जातो. त्याचे उत्तर ‘थोडे’ म्हणजे नेमके किती आणि नावाच्या कोणत्या भागात, यावर अवलंबून आहे.

एक नमुना घेऊ. खोपोलीच्या एका व्यापाऱ्याचे दुबईचे तिकीट एजंटाने आधारकार्डाच्या छायाप्रतीवरून काढले. तिकिटावर छापले आहे `JAIN/PRAVINKUMAR MR`. पासपोर्टात आडनावाच्या रकान्यात `OSWAL` आणि नावाच्या रकान्यात `PRAVIN KUMAR HASTIMAL` असे आहे. येथे एक नव्हे, तीन फरक आहेत, आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

पहिला फरक ‘प्रवीण’ आणि ‘कुमार’ यांमधील मोकळ्या जागेचा. त्याची चिंता करू नये. विमान कंपन्यांच्या आरक्षण प्रणालीत नावाचे शब्द बहुधा एकमेकांना चिकटवूनच छापले जातात, शेवटी `MR` किंवा `MRS` जोडले जाते, आणि बोर्डिंग पासवर जागा कमी पडली तर शेवटची अक्षरे गळतातही. दुसरा फरक वडिलांच्या नावाचा. ते तिकिटावर नसले तरी नाव आणि आडनाव जुळत असल्यास बहुतेक कंपन्या अडवत नाहीत. तरीही पासपोर्टात आहे तसे पूर्ण नाव घालणेच सुरक्षित.

तिसरा फरक आडनावाचा, आणि तोच घातक. ‘आमच्याकडे जैन आणि ओसवाल एकच’ हे स्पष्टीकरण कर्जतच्या स्टेशनवर सर्वांना पटेल. विमानतळाच्या काउंटरवरील मुलीला ते पटवून घेण्याचा अधिकारच नसतो. तिच्यासमोर दोन निराळ्या व्यक्ती उभ्या आहेत. चेकवर एक नाव आणि खात्यावर दुसरे असेल तर रोखपाल ओळखीचा असूनही पैसे देऊ शकत नाही, तसेच हे.

हा काटेकोरपणा का, ते पासपोर्टाच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी दिसते. तेथे यंत्राने वाचण्याच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ चिन्हांच्या. वरील व्यापाऱ्याची पहिली ओळ अशी असेल:

```
P<INDOSWAL<<PRAVIN<KUMAR<HASTIMAL<<<<<<<<<<<
```

दोन बाणांपूर्वी आडनाव, त्यांच्यानंतर बाकीचे नाव. काउंटरवर पासपोर्ट यंत्रातून फिरवला की हीच ओळ वाचली जाते, आणि पुष्कळ देशांना ही माहिती विमान पोहोचण्यापूर्वीच पाठवावी लागते. योग्य कागदपत्रांविना प्रवासी नेला तर दंड कंपनीला होतो. आपल्याकडे २००० सालच्या कायद्याने अशा प्रकरणी वाहतूक कंपनीवर एक लाख रुपयांचा दंड ठेवला होता. २०२५च्या नव्या स्थलांतर कायद्यात तो विषय समाविष्ट झाला. म्हणून कंपनीचा कर्मचारी शंका आली की ‘नाही’ म्हणणेच पसंत करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुबईच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. २१ नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टावर एकच शब्दाचे नाव असलेल्या, म्हणजे नाव किंवा आडनाव यांपैकी एक रकाना कोरा असलेल्या प्रवाशांना पर्यटन वा भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचे ठरवले. त्यानंतर काही दिवसांतच सवलत मिळाली: पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर ते ग्राह्य धरले जाईल. आपल्या घरांतील वयस्क स्त्रियांच्या जुन्या पासपोर्टांत आडनावाचा रकाना कोरा आढळतो, तेव्हा हे आधी उघडून पाहावे. अशा प्रवाशाचे तिकीट काढताना कोऱ्या रकान्यात काय भरायचे याची प्रत्येक कंपनीची रीत निराळी आहे. कोणी नावच पुन्हा लिहायला सांगते, कोणी ठरावीक अक्षरे. एजंटाच्या अंदाजावर न सोडता ते कंपनीलाच विचारावे.

लग्नानंतर सुनेचे तिकीट सासरच्या आडनावाने निघते आणि पासपोर्ट माहेरचाच असतो, हाही नेहमीचा प्रकार. विवाहाचा दाखला सोबत ठेवला की झाले, असा समज आहे. काही कंपन्या तो पाहून तिकीट दुरुस्त करतात हे खरे, पण दाखला हा दुरुस्तीचा आधार आहे, पासपोर्टाला पर्याय नव्हे. पासपोर्ट बदलून मिळायला अवधी नसेल तर तिकीट आणि व्हिसा दोन्ही माहेरच्या नावाने काढावेत. लग्नाच्या गडबडीत मधुचंद्राची तिकिटे पाहुण्यांपैकी कोणीतरी हौसेने काढतो, आणि घोटाळा बहुधा तेथेच होतो!

दुरुस्तीला मार्ग आहे, परंतु तो वेळेवर धरावा लागतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढले असेल आणि काढल्यापासून २४ तासांच्या आत त्याच व्यक्तीच्या नावातील चूक दाखवली तर कंपनीला वेगळे शुल्क घेता येत नाही. त्यानंतर दुरुस्ती कंपनीच्या धोरणानुसार होते. एकदोन अक्षरांची चूक, किंवा नाव आणि आडनाव यांची अदलाबदल, पासपोर्टाची प्रत पाठवल्यावर सहसा सुधारून मिळते. पूर्ण आडनाव बदलायचे असेल तर कंपनी पुरावा मागते, कारण तिकीट दुसऱ्याला विकले गेले नाही याची तिला खात्री हवी असते. पटले नाही तर तिकीट रद्द करून नवे काढणे एवढेच उरते. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटासाठी कंपनी बहुतेक वेळा एजंटाकडेच परत पाठवते. म्हणून शनिवारी रात्री काढलेले तिकीट सोमवारी दुकान उघडल्यावर पाहू, असे करता कामा नये.

वरच्या व्यापाऱ्याने काय करावे? आधी व्हिसा उघडून पाहावा. एजंटाने तोही आधारकार्डावरून भरला असेल तर तिकिटाआधी व्हिसा नव्याने काढावा लागेल, कारण चुकीच्या व्हिसावर सुधारलेले तिकीट निरुपयोगी आहे. व्हिसा पासपोर्टाप्रमाणे असेल तर पासपोर्टाची पहिली व शेवटची पाने आणि जुळत असल्याचे दाखवणारा व्हिसा एजंटाला देऊन लेखी दुरुस्ती मागावी. फोनवर ‘नोंद घातली आहे, जा बिनधास्त’ असे सांगितले जाते. अशी नोंद किरकोळ अक्षरासाठी पुरेशी ठरू शकते, आडनावासाठी नाही.

दुरुस्ती झाली असे कळले की नवे ई-तिकीट मागवून घ्यावे. पुष्कळदा सहा अक्षरी पीएनआरमधील नाव बदलते आणि तेरा अंकी तिकीट जुन्याच नावाने राहते. जाण्याचा प्रवास एका कंपनीचा व परतीचा दुसरीचा असेल तर दोन्हींकडे नाव बदलले आहे का, हेही पाहावे. जाण्याच्या विमानात बसता आले नाही, तर त्याच तिकिटावरील परतीची जागाही बहुधा आपोआप रद्द होते. अशा वेळी परतीच्या प्रवासाचे काय करायचे, हे काउंटर बंद होण्यापूर्वी कंपनीशी बोलून घ्यावे आणि जे ठरेल ते ई-मेलवर मागून घ्यावे.