तापलेल्या मुलाचा श्वास मोजावा

घरातील लहान मूल तापले आणि खोकू लागले, की वडीलधाऱ्यांचे सारे लक्ष दोन गोष्टींवर खिळते : थर्मामीटरचा पारा आणि खोकल्याच्या औषधाची बाटली. आमच्या मते ही दृष्टी चुकीच्या जागी स्थिरावली आहे. पारा किती चढला यावरून आजार साधा की गंभीर हे क्वचितच कळते. ते कळते मुलाच्या श्वासावरून. आणि श्वास मोजावयास सेकंदकाटा असलेल्या घड्याळापलीकडे काहीही लागत नाही.

न्यूमोनियात फुप्फुसातील वायुकोश द्रवाने भरतात व फुप्फुस ताठर बनते. ताठर फुप्फुस खोल फुगविणे कष्टाचे असल्यामुळे मूल उथळ पण भराभर श्वास घेऊ लागते. १९८४ साली फ्रँक शान व त्यांच्या सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतील मुलांच्या पाहणीवरून या खुणेचे मोल दाखवून दिले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेली मर्यादा अशी : दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत मिनिटास ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेग वाढला असे समजावे. दोन महिन्यांच्या आतील अर्भकास मात्र ताप आलाच, तर मोजीत न बसता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

मूल मांडीवर शांत असताना, रडत वा पीत नसताना, अंगरखा वर करून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारांनी गुणण्याची घाई नको. लहान मुलांचा श्वास अनियमित असतो. त्याच वेळी बरगड्यांच्या खालचा भाग पाहावा. श्वास आत घेताना तो बाहेर येण्याऐवजी आत ओढला जात असेल, तर आकडा काहीही असो, इस्पितळ गाठावे.

दोन वर्षांच्या, ११ किलो वजनाच्या मुलीचे उदाहरण घेऊ. ताप १०२ अंश, श्वास ४६, छाती आत ओढली जात नाही. ताप स्वतःही श्वास वाढवितो, म्हणून तिला पॅरासिटामॉल देऊन पुन्हा मोजावयाचे. किलोस १५ मिलिग्रॅम या हिशेबाने मात्रा १६५ मिलिग्रॅम होते. येथे बाटलीवरील अक्षरे वाचणे अगत्याचे आहे. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असल्यास सुमारे ३.३ मिलिलिटर पुरे, पण १२० असल्यास जवळजवळ ७ लागतात. 'एक चमचा' हे माप म्हणूनच फसवे होय. दोन मात्रांत निदान चार तासांचे अंतर हवे आणि दिवसाकाठी चारांहून अधिक मात्रा नकोत. तासाभराने मुलगी झोपली असता श्वास ३४ भरले. तिला घरी ठेवावयास हरकत नाही.

आता पाण्याचा प्रश्न. ताप व वाढलेला श्वास यांनी अंगातील पाणी अधिक उडते, आणि आमच्याकडे नेमके याच वेळी 'लंघन' घडवितात! या वजनाच्या मुलास दूध, पेज, वरणाचे पाणी धरून दिवसाला सुमारे एक लिटर द्रव लागतो; तापात थोडा अधिकच. पेला पुढे केल्यास ती तोंड फिरवील; परंतु दर दहा मिनिटांस तीन लहान चमचे दिले, तर तासाला ९० मिलिलिटर होतात व जागेपणीच्या बारा तासांत लिटर भरतो. अंगावरचे दूध पिणाऱ्यास ते वारंवार पाजावे. नाक धरून मात्र कधीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. सहा-सात तासांत लघवी झाली नाही, जीभ कोरडी पडली, रडताना अश्रू आले नाहीत, तर पाणी अपुरे पडत आहे.

विश्रांती म्हणजे गोधड्यांत गुंडाळणे नव्हे. सुती कपडा आणि खेळती हवा असावी. ताप उतरल्यावर मूल बिछान्यात खेळू लागले, तर त्यास निजवून ठेवण्याचा हट्ट कशाला?

बाटलीविषयी आम्ही अधिक कठोर आहोत. खोकला कफ बाहेर टाकतो. तो दाबल्याने आजार हटत नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकोल असलेल्या खोकल्याच्या औषधाने मुले दगावली. त्या वर्षी केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांस अशी औषधे देऊ नयेत असे कळविले. वर्ष उलटलेल्या मुलास निजताना अर्धा चमचा मध द्यावा. त्याहून लहानास मध देऊ नये.

आपल्या उदाहरणातील मुलीचा श्वास दुसऱ्या रात्री, अंग निवलेले व ती निजलेली असताना, ४४ भरला आणि उठविल्यावर तिने पाणी नाकारले, असे समजा. पारा खाली आहे म्हणून घरात समाधान असेल. पण तिला त्याच रात्री इस्पितळात न्यावयास हवे.