अळी मोजण्यापूर्वी अळीचे रक्त पाहावे

हरभऱ्याच्या पिकावरील घाटे अळीची पाहणी कशी करावी, हे आता बहुतेक गावांतून माहीत झाले आहे. शेतात निरनिराळ्या जागी एक एक मीटर ओळ घ्यावी, झाडे हलवून अळ्या मोजाव्यात, आणि मीटरमागे एक ते दोन अळ्या भरल्या की फवारणीचा निर्णय घ्यावा, असा तो नियम आहे. नियम चुकीचा नाही. परंतु पीक फुलावर येण्यापूर्वी, अळ्या लहान असताना, केवळ या आकड्यावर विसंबून औषध मारणे हे माझ्या मते पुष्कळदा पैशाचा आणि मित्रकीटकांचा नाश करणारे ठरते. मोजलेल्या अळ्यांपैकी किती अळ्या जगणार आहेत आणि किती आतून आधीच संपल्या आहेत, हे बाहेरून कळत नाही. ते कळते अळीच्या रक्तात. म्हणून प्रथम त्या रक्ताची व्यवस्था समजून घेऊ.

अळीला रक्त नसते, असा समज आपल्याकडे सर्वत्र आढळतो. कारण ती चिरडली असता लाल काही दिसत नाही. वस्तुतः अळीच्या अंगात तिच्या वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक रक्त असते. ते लाल नसते, कारण प्राणवायू वाहून नेण्याचे काम त्याच्याकडे नाही. तो प्राणवायू अळीच्या कुशीवरील छिद्रांतून आत शिरतो आणि बारीक श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट प्रत्येक अवयवापर्यंत जातो. रक्ताकडे उरते ते अन्नरस पोचविण्याचे, टाकाऊ द्रव्ये नेण्याचे, कात टाकण्याची वेळ सांगणारे रस फिरविण्याचे आणि शत्रूशी लढण्याचे काम. घाटे अळीचे हे रक्त फिकट हिरवट-पिवळे असते.

आपल्या शरीरात रक्त नळ्यांतून जाते आणि नळ्यांतूनच परत येते. अळीत तसे नाही. तिची सर्व आतडी, चरबी, स्नायू हे रक्ताच्या एका मोठ्या पोकळीत बुडून असतात. शेताला पाटाने पाणी द्यावे, पाट वाफ्याच्या तोंडाशी संपावा आणि पुढे पाणी मोकळेपणाने पसरावे, तसा हा प्रकार आहे. यात पाट एकच. तो म्हणजे पाठीच्या मध्यरेषेवर, कातडीच्या लगेच खाली, शेपटापासून डोक्यापर्यंत गेलेली पृष्ठनलिका. तिचे मागचे टोक बंद आणि पुढचे टोक मेंदूजवळ उघडे असते. मागील भाग हा तिचा हृदयभाग असून त्याच्या दोन्ही बाजूंस जोडीजोडीने छिद्रे असतात. नलिका सैल झाली की या छिद्रांतून रक्त आत येते. आकुंचन पावली की छिद्रांच्या झडपा मिटतात आणि रक्त पुढे ढकलले जाऊन डोक्यात सांडते. तेथून ते सर्व अवयवांना भिजवीत संथपणे मागे सरकते आणि पुन्हा छिद्रांशी येते. इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी याने रेशीमकिड्याच्या अंतरंगाचे वर्णन १६६९ साली प्रसिद्ध केले, त्यात या धडधडणाऱ्या नलिकेचाही समावेश आहे.

हे पाहण्यास यंत्र लागत नाही. फिकट रंगाची, पातळ कातडीची एक मोठी अळी तळहातावर घ्यावी आणि उजेडात तिच्या पाठीकडे टक लावून पाहावे. मध्यरेषेवर एक लहर शेपटाकडून डोक्याकडे पुन्हा पुन्हा धावताना दिसेल. पहाटेच्या गारव्यात ती मंद चालते, ऊन चढले की वेगाने. मग सुईने अळीचा एक पोटपाय टोचावा आणि येणारा थेंब पांढऱ्या बशीत घ्यावा. काही मिनिटांत तो काळवंडू लागतो. हा काळेपणा सडण्याचा नव्हे किंवा विषाचाही नव्हे. रक्तातील एक द्रव्य जखमेशी जागे होते आणि काळा रंग तयार करते. त्याने जखम बंद होते आणि आत शिरलेला शत्रूही त्यात कोंडला जातो.

शत्रूशी प्रत्यक्ष गाठ पडते ती या रक्तात तरंगणाऱ्या पेशींची. एखादा जिवाणू आत शिरला तर पेशी त्याला गिळून टाकतात. जिवाणू पुष्कळ असले तर पेशी त्यांच्याभोवती गोळा होऊन लहान गाठी बनवितात. परंतु शत्रू पेशीपेक्षा कितीतरी मोठा असेल, तर गिळणे शक्य नसते. अशा वेळी प्रथम कणीदार पेशी त्याला चिकटतात आणि आपल्यातील द्रव्ये बाहेर सोडतात. त्यानंतर दुसऱ्या जातीच्या पेशी येऊन चपट्या होतात आणि थरावर थर चढवितात. हे वेष्टन काही तासांत सुरू होते आणि एकदोन दिवसांत घट्ट व काळपट बनते. आतला जीव प्राणवायूवाचून व त्या काळ्या द्रव्याच्या विषाने मरतो.

आता हरभऱ्याच्या शेतात येऊ. हरभऱ्याच्या आंबेमुळे अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटक या पिकात फारसे टिकत नाहीत. जी टिकते ती कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाची, मुंगीहून थोडी मोठी, काळपट अंगाची बारीक गांधीलमाशी. ती एक सेंटिमीटरपेक्षा लहान अळी शोधते, क्षणभर शेपटी टोचते आणि त्या रक्ताच्या पोकळीत एकच अंडे सोडून उडून जाते. अंडे रक्तपेशींच्या मानाने अवाढव्य असते. नियमाने पाहिले तर पेशींनी त्याला वेढून मारावयास हवे. पण बहुधा तसे होत नाही.

याचे कारण या माशीच्या अमेरिकेतील एका सगोत्र जातीवर, कॅम्पोलेटिस सोनोरेन्सिसवर, झालेल्या आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी उघड केले. माशीच्या अंडनलिकेतून काढलेली अंडी धुऊन स्वच्छ केली आणि अळीत घातली, तेव्हा अळीच्या पेशींनी ती वेढून टाकली. परंतु त्याच अंडनलिकेतील द्रवातून वेगळे केलेले विषाणूचे कण अंड्यांबरोबर घातले, तेव्हा अंडी वाचली. हे विषाणू माशीच्या स्वतःच्या आनुवंशिक द्रव्यातच वंशपरंपरेने राहतात आणि तिच्या अंडनलिकेतच तयार होतात. अळीत ते वाढत नाहीत. मात्र तेथे गेल्यावर त्यांच्या आज्ञेने रक्तपेशी चपट्या होण्याचे व चिकटण्याचे विसरतात. घाटे अळीवरील आपल्या माशीतही याच वर्गाचा विषाणू आढळला आहे. मला तर हा शेतीतील सर्वांत चतुर चोर वाटतो. तो घरात शिरण्यापूर्वी राखणदारांचे हातच बांधून ठेवतो!

अंड्यातून निघालेला किडा अळीच्या रक्तावर वाढतो. अळी हिंडते, खाते. पण निरोगी अळीपेक्षा फार कमी खाते व तिची वाढ खुंटते. साधारण आठ ते दहा दिवसांत, थंडी जास्त असल्यास आणखी काही दिवसांनी, किडा कातडी फोडून बाहेर येतो आणि पानावर मळकट पांढरा, काळसर ठिपक्यांचा लंबगोल कोश विणतो. कोशाशेजारी अळीचे सुकलेले कातडे चिकटलेले असते. पुष्कळ शेतकरी हा कोश किडीचेच अंडे समजून चिरडतात.

आता मोजणीकडे वळू. समजा, पीक पाच आठवड्यांचे आहे आणि दहा मीटर ओळीत १४ लहान अळ्या मिळाल्या. सरासरी १.४ आली, नियमाप्रमाणे फवारणी करावयास हवी. परंतु त्यांतील दहा अळ्या उघडून पाहिल्या आणि सहांत माशीचा किडा निघाला, तर जगणाऱ्या अळ्या मीटरमागे सुमारे ०.५६ एवढ्याच राहतात. म्हणजे फवारणीची पातळी आलेलीच नाही. त्या दिवशी सर्वनाशक औषध मारले तर अळ्यांबरोबर त्यांतील किडेही मरतील. फवारलेल्या पानांवर फिरणाऱ्या माशाही मरतील. आणि पुढे फुलोऱ्यात येणाऱ्या अळ्यांना पहिल्यापासूनच मोकळे रान मिळेल.

अळी उघडण्यासाठी पाव लिटर पाण्यात सुमारे सव्वादोन ग्रॅम मीठ विरघळवावे. साध्या पाण्यात आतले भाग फुगून फुटतात. काळ्या किंवा गडद रंगाच्या बशीत हे पाणी घालून अळी त्यात बुडवावी, दोन सुयांनी कातडे लांबट फाडावे व दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहावे. माशीचा लहान किडा पांढुरका असतो, त्याला तपकिरी डोके व मागे शेपटी असते, आणि तो कशालाही न जोडलेला, स्वतंत्रपणे वळवळतो. ही खूण महत्त्वाची आहे. कारण अळीच्या आतड्याला जोडलेल्या पिवळसर सुतासारख्या नळ्या आणि रेशमाच्या लांब पारदर्शक ग्रंथी यांनाच नवशिका किडा समजतो. एखादे वेळी रक्तात तपकिरी-काळा, घट्ट ठिपका मिळेल. तेथे बहुधा अळीच्या पेशींचा जय झालेला असतो. अशी अळी निरोगी धरावी.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. पहिल्या दोनतीन दिवसांत अंडे इतके बारीक व पारदर्शक असते की भिंगातून सहसा सापडत नाही. म्हणून उघडून मिळालेला आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो. खात्री हवी असल्यास वीस अळ्या वेगवेगळ्या डब्यांत रोज ताजा पाला देऊन दहाबारा दिवस ठेवाव्यात. एका डब्यात ठेवू नयेत, घाटे अळ्या एकमेकींना खातात. दुसरे असे की ही माशी मोठ्या अळीला सहसा हात लावत नाही. घाटे धरल्यावर, किंवा दीड सेंटिमीटरपेक्षा मोठ्या अळ्या दिसू लागल्यावर, तिच्या भरवशावर थांबू नये. तेथे मोजणीचा जुना नियमच पाळावा.

इतका खटाटोप कोण करील, असे काही कार्यकर्ते विचारतात. दहा अळ्या उघडण्यास सराव झाल्यावर अर्धा तास पुरतो. एका फवारणीचे औषध, पाणी व मजुरी यांपुढे हा वेळ काहीच नाही. माझे मत असे की, गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने हरभऱ्याच्या पाहणीच्या वहीत अळ्यांच्या संख्येशेजारी 'उघडलेल्या' आणि 'किडा निघालेल्या' असे आणखी दोन रकाने आखावेत, आणि पीक फुलावर येईपर्यंत फवारणीचा सल्ला ते भरल्यावाचून देऊ नये. निम्म्याहून अधिक अळ्यांत किडा निघाला आणि उरलेल्या निरोगी अळ्या मीटरमागे एकाहून कमी भरल्या, तर औषध न मारता चारपाच दिवसांनी पुन्हा पाहावे. निरोगी अळ्या एकाहून अधिक भरल्या आणि घाटे अजून धरले नसले, तर प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा.